सकाळची सावली, दुपारची सावली

२६ जानेवारीचे झेंडावंदन आटोपले की शाळाशाळांतून फोटो निघतात. मैदानावर चुन्याच्या रेघा, रांगेत उभी मुले, कडेला दोरी बांधायला रोवलेले बांबू आणि सगळ्यांच्या पायांशी लांबच लांब सावल्या. अशा फोटोच्या मागे बहुधा एवढेच लिहिलेले असते : ‘प्रजासत्ताक दिन’. गाव नाही, वेळ नाही. पण जमिनीवर पडलेली सावली नीट मोजता आली, तर फोटो किती वाजता काढला आणि पृथ्वीच्या पाठीवर साधारण कुठे काढला, हे दोन्ही प्रश्न तिला विचारता येतात. पहिल्याचे उत्तर ती सकाळी झकास देते, दुसऱ्याचे मात्र माध्यान्हीच. या दोन वेळा ज्याने उलट्यापालट्या केल्या, त्याचा हिशोब कितीही काटेकोर असला तरी उत्तर शेकडो किलोमीटरने चुकते.

हे नुसते सांगून पटत नाही, म्हणून एक फोटो यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूरचा आहे असे धरून आकडे मांडू. तालुका केळापूरच्या नावाचा, कचेरी पांढरकवड्याला आणि शेजारून जाणारा नागपूर–हैदराबाद रस्ता. अक्षांश २०.०२ उत्तर, रेखांश ७८.५३ पूर्व. यातला रेखांश घड्याळासाठी लागतो. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटे लागतात. त्यामुळे केळापूरला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे १६ मिनिटे उशिरा डोक्यावर येतो. त्यात जानेवारीच्या अखेरीस सूर्य आणखी साडेबारा मिनिटे मागे असतो, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला आहे. दोन्ही उशीर मिळवले की २६ जानेवारीला केळापूरची माध्यान्ह १२ वाजता नव्हे, तर १२ वाजून २८ मिनिटांनी होते. सावलीवरून काढलेली वेळ घड्याळाशी जुळत नाही अशी तक्रार करणाऱ्यांचे घोडे बहुतेक वेळा इथेच पेंड खाते.

आता फोटो पाहू. कुणालाही आधी झेंड्याचा खांब मोजावासा वाटेल, कारण तो सरळ आणि उंच असतो. तो मोह टाळावा. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे सावलीची कड धारदार नसते आणि वस्तूपासून जितके लांब जावे तितकी ती फिकट पसरट होते. पाच सेंटिमीटर जाडीच्या खांबाची गडद सावली साडेपाच मीटरच्या आसपास संपून जाते. खांब सहा मीटर उंच असेल आणि ऊन तिरपे असेल, तर त्याच्या टोकापासून जमिनीपर्यंत किरणाला १९ मीटरांचा प्रवास करावा लागतो. म्हणजे सावलीचे टोक जिथे असायला हवे, तिथे नुसती धूसर पट्टी उरते आणि ती फोटोत दिसतही नाही. शिवाय अठरा मीटर लांबीची सावली चौकटीबाहेरच जाते. म्हणून बुटकी वस्तू निवडायची. आपल्या फोटोत मैदानाच्या कोपऱ्यावर रोवलेला बांबू आहे, तो पुरेसा आहे.

हा कोपरा कबड्डीच्या मैदानाचा आहे असे समजू. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. इथे लांबी दक्षिणोत्तर आखली आहे. छायाचित्रकार दक्षिणेला उभा राहून उत्तरेकडे पाहतो आहे आणि बांबू आग्नेय कोपऱ्यावर, म्हणजे फोटोत उजवीकडे, जवळच्या बाजूला आहे. त्याच्या बुंध्यातून जाणारी १० मीटरची शेवटची रेघ फोटोत आडवी, सरळ दिसते. समजा, ती रेघ २००० पिक्सेल भरली. म्हणजे त्या अंतरावर एका मीटरला २०० पिक्सेल. बांबू ३०० पिक्सेल उंच आहे, तेव्हा तो दीड मीटरचा. ही पट्टी फक्त त्याच अंतरावर चालते. मागच्या रांगेतल्या मुलाला ती लावली तर मूल उगाच ठेंगणे निघेल.

सावली मोजणे जरा अवघड, कारण ती कॅमेऱ्यापासून दूर जाते आणि दूर जाणारी लांबी फोटोत आखडून दिसते. नवशिके नेमके हेच विसरतात. बांबूचे पिक्सेल आणि सावलीचे पिक्सेल मोजून सरळ भागाकार केला की उत्तर हमखास चुकते. सावली कॅमेऱ्याकडे येत असो की दूर जात असो, ती सहसा वाजवीपेक्षा तोकडीच भासते. यावर उपाय चुन्याच्या रेघांत आहे. मैदानाचे चारही कोपरे फोटोत असतील, तर त्या वेड्यावाकड्या चौकोनाचा पुन्हा १३ बाय १० चा आयत करता येतो. संगणकावर चार बिंदू देऊन हे घडते. हाताने करायचे तर कर्ण आखून मध्य काढायचा, मग अर्ध्यांचे अर्धे करत जाळी तयार करायची आणि सावलीचे टोक कोणत्या घरात पडते ते पाहायचे. आपल्या फोटोत टोक बुंध्यापासून ३.९४ मीटर पश्चिमेला आणि २.१८ मीटर उत्तरेला आहे. पायथागोरसाने लांबी येते ४.५ मीटर. दिशा येते पश्चिमेपासून २९ अंश उत्तरेकडे. सूर्य नेमका याच्या विरुद्ध, पूर्वेपासून २९ अंश दक्षिणेला.

दीड मीटरच्या बांबूची साडेचार मीटर सावली म्हणजे तिप्पट. ज्या कोनाची स्पर्शज्या एकतृतीयांश तो कोन १८.४ अंश, सूर्य क्षितिजापासून तेवढा वर आला आहे. खेड्यात दिवस कासराभर वर आला म्हणतात, त्याहून थोडा अधिक. हा झाला उन्नतांश. २६ जानेवारीला सूर्य विषुववृत्ताच्या १८.८ अंश दक्षिणेला असतो, ही त्याची क्रांती. अक्षांश आपल्याला ठाऊक आहे. उरला नतकाल, म्हणजे सूर्य माध्यान्हीपासून किती अंश दूर आहे ते. त्याचे सूत्र असे :

```
cos H = (sin a − sin φ × sin δ) ÷ (cos φ × cos δ)
```

यात a म्हणजे उन्नतांश, φ म्हणजे अक्षांश, δ म्हणजे क्रांती (दक्षिणेची म्हणून उणे) आणि H म्हणजे नतकाल. आकडे घातले की उजवी बाजू ०.४८ येते आणि H येतो ६१.३५ अंश. पंधरा अंशांना एक तास या हिशोबाने हे ४ तास ५ मिनिटे झाले. माध्यान्ह १२ वाजून २८ मिनिटांनी. त्यातून वजा केले की ८ वाजून २३ मिनिटे.

या उत्तरावर किती भरवसा ठेवावा? त्या वेळी बांबूची सावली दर मिनिटाला साडेपाच ते सहा सेंटिमीटरने आखडत असते. बरोबर आठ वाजता ती जवळजवळ ६ मीटर १८ सेंटिमीटर होती, २३ मिनिटांत ती साडेचार मीटरवर आली. लांबी मोजताना पाच टक्के चूक झाली, म्हणजे तब्बल वीस-बावीस सेंटिमीटर, तरी वेळ चारच मिनिटांनी हलते. याहून जास्त घात जमीन करते. सावलीच्या दिशेने मीटरमागे पावणेदोन सेंटिमीटर उतार असेल, तर डोळ्यांना तो जाणवतही नाही, पण उतार एक अंशाचा होतो आणि सावली साडेपाच टक्क्यांनी लांबते. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून मैदानांना असा उतार देतातच. एकूण पाच-सात मिनिटांच्या आत वेळ सांगता आली, तर सकाळच्या फोटोकडून याहून जास्त मागू नये. आणि एवढी अचूकता मला तरी थोर वाटते.

आता प्रश्न उलटा करू. वेळ ठाऊक आहे, ८ वाजून २३ मिनिटे. गाव ठाऊक नाही. नुसत्या लांबीवरून गाव सापडेल का? त्या क्षणी सूर्य उत्तर ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या बाजूला, बरोबर डोक्यावर असतो. तिथपासून जवळजवळ आठ हजार किलोमीटर अंतरावरच्या प्रत्येक ठिकाणी सावली तिप्पट असणार. म्हणजे पृथ्वीवर एक भले मोठे वर्तुळ आखले जाते. भारतात ते मंगळुरूहून येते, केळापूरवरून जाते आणि गोरखपूरजवळून नेपाळात शिरते. मंगळुरूच्या समुद्रकाठी रोवलेला बांबू आणि गोरखपूरच्या मैदानातला बांबू, दोघांची सावली त्या मिनिटाला सारख्याच मापाची असते. लांबी इथेच थांबते. पुढचे काम दिशेचे.

दिशेने वर्तुळावरचा एक बिंदू निवडता यायला हवा, आणि तत्त्वतः येतोही. त्या क्षणी मंगळुरूला सूर्य पूर्वेपासून २५ अंश दक्षिणेला दिसतो, केळापूरला २९ आणि गोरखपूरला साडेतेहेतीस. सगळा दक्षिणोत्तर पल्ला मिळून फरक आठ-साडेआठ अंशांचा. आपण दिशा दोन अंशांनी चुकलो तर काय होते ते पाहा. २९ ऐवजी ३१ अंश वाचले की अक्षांश २०.०२ ऐवजी २३.३ येतो, म्हणजे भोपाळचा. २७ वाचले की १६.४ येतो, म्हणजे जवळपास विजयवाड्याचा.

आणि दोन अंश म्हणजे किती? गुरुजींनी दोरी धरून चुन्याची रेघ ओढली, तेव्हा तेरा मीटर अंतरात ती ४५ सेंटिमीटरने सरकली, तर रेघ दोन अंशांनी फिरली. आपण ती रेघ दक्षिणोत्तर समजलो, कारण उपग्रहचित्रात शाळेची भिंत दक्षिणोत्तर दिसते आणि मैदान भिंतीला समांतर असणार असे आपल्याला वाटले. होकायंत्राला इथे फार दोष देता येत नाही. विदर्भात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक एक अंशाहून कमी आहे. दोष त्या ४५ सेंटिमीटरचा. सकाळच्या सावलीवरून कुणी गाव ओळखल्याचा दावा केला, तर मी पहिला प्रश्न हाच विचारीन की उत्तर दिशा कशावरून ठरवली.

माध्यान्हीला सगळा खेळ पालटतो. त्याच दिवशी त्याच बांबूची सावली १२ वाजून २८ मिनिटांनी सरळ उत्तरेला पडते आणि तिची लांबी १ मीटर २१ सेंटिमीटर असते. त्याच्या पाव तास आधी आणि पाव तास नंतर मोजली, तरी ती पाऊण सेंटिमीटरनेच जास्त भरते. घड्याळ म्हणून ही सावली निरुपयोगी आहे. पण नेमके याच कारणाने ती अक्षांशासाठी उत्तम आहे, कारण वेळेत पाव तासाची चूक असली तरी तिचे काही बिघडत नाही. बांबूची उंची दीड मीटर, सावली १२१ सेंटिमीटर, त्यावरून सूर्य माथ्यापासून ३८.८ अंश दक्षिणेला ढळलेला आहे. त्यातले १८.८ अंश क्रांतीचे. उरले २०. झाला अक्षांश. एवढी साधी वजाबाकी. मोजण्यात पाच सेंटिमीटर चूक झाली तर केळापूरचे नागपूर होते. एकाच सेंटिमीटरची झाली तर चूक पंचवीस किलोमीटरच्या आसपास राहते. सकाळी भोपाळ ते विजयवाडा एवढा घोळ होता, तो इथे एका-दोन जिल्ह्यांवर येतो.

आपल्याकडच्या जुन्या गणितींना हे पक्के ठाऊक होते. त्यांनी गावाचा अक्षांश अंशांत सांगण्याऐवजी सावलीतच सांगितला. बारा अंगुळे उंचीचा शंकू, सूर्य विषुववृत्तावर असतानाचा दिवस आणि माध्यान्हीची वेळ; तेव्हा पडणारी सावली म्हणजे त्या गावाची पलभा. केळापूरची पलभा ४ अंगुळे २२ व्यंगुळे येते. पंचांगकर्ते तिच्यावरून पुढे दिनमान काढत. पलभेला अनुक्रमे १०, ८ आणि दहाचा तिसरा भाग यांनी गुणायचे, की तीन चरखंडे पळांत मिळतात. केळापूरसाठी तिन्हींची बेरीज ९३ पळे, म्हणजे ३७ मिनिटे. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य सहा वाजण्याच्या तेवढा आधी उगवतो, असा त्याचा अर्थ. आजच्या त्रिकोणमितीने हाच आकडा साडेछत्तीस मिनिटांच्या आत येतो. अर्ध्या-पाऊण मिनिटाचा हा फरकही आकस्मिक नाही. सिद्धांतग्रंथांनी सूर्याची परमक्रांती २४ अंश धरली आहे, आज ती २३.४४ आहे. २४ घालून आजच्या सूत्राने गणित केले की ३७ मिनिटेच येतात. तीन तोंडी गुणाकारांत एवढे काटेकोर गणित बसवणाऱ्या माणसांनी सावली किती बारकाईने पाहिली असेल!

तरीही सावलीला मर्यादा आहे, ती सूर्याच्या तबकडीची. अर्ध्या अंशाच्या तबकडीने पुसट केलेल्या कडेवरून अंशाचा दहावा भाग वाचणेसुद्धा कष्टाचे, आणि अक्षांशाचा दहावा भाग म्हणजे अकरा किलोमीटर. केळापूरच्या उत्तरेला, याच रस्त्यावर, हिंगणघाटला भूमापक विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी वारला. ७८ रेखांशाच्या आसपासची दक्षिणोत्तर रेषा मोजत तो दक्षिणेकडून इथवर आला होता. त्याने अक्षांशासाठी सावली वापरली नाही, माथ्याजवळून जाणारे तारे मोठ्या यंत्रातून पाहिले. त्याला विकलांत उत्तर हवे होते, आणि एक विकला म्हणजे जमिनीवर अवघे ३१ मीटर. आपल्या फोटोला जिल्हा सांगता आला तरी पुष्कळ.

फोटोचे गणित फसवणाऱ्या गोष्टींपैकी दोन खास ध्यानात ठेवाव्यात. पहिली, सकाळ आणि दुपार. तिप्पट सावली ८ वाजून २३ मिनिटांनी पडते, तशीच ४ वाजून ३४ मिनिटांनीही पडते. लांबी दोन्हीत फरक करत नाही, दिशाच करते. पण फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो कधी कधी आरशासारखा उलटा साठवला जातो, जुने निगेटिव्ह उलटे छापले गेले तरी हेच घडते. मग सूर्य पूर्वेचा पश्चिमेला जातो आणि सकाळची संध्याकाळ होते. शाळेच्या फलकावरची अक्षरे आधी वाचावीत, सदऱ्याची बटणपट्टी कोणत्या बाजूला आहे ते पाहावे, मगच सावलीला हात घालावा.

दुसरी, तारीख. सूर्य एकाच क्रांतीवर वर्षातून दोनदा येतो. २६ जानेवारीची क्रांती १६-१७ नोव्हेंबरलाही असते. त्या दिवशी सावलीची लांबी, दिशा, सगळे तेच. घड्याळ मात्र वेगळे. नोव्हेंबरात सूर्य सव्वापंधरा मिनिटे पुढे असतो, त्यामुळे केळापूरची माध्यान्ह १२ वाजून १ मिनिटाच्या आत होते आणि तीच तिप्पट सावली ७ वाजून ५५ मिनिटांनी पडते. फोटोवर ८ वाजून २३ मिनिटांचा शिक्का असेल आणि चित्र नोव्हेंबरचे असल्याचा दावा असेल, तर २८ मिनिटांची ही तफावत दावा खोटा पाडायला पुरेशी आहे. सावली खरेपणा सिद्ध करते असे मात्र म्हणता येत नाही. शिक्क्याशी सावली जुळली, तर तो दावा शक्य आहे एवढेच कळते; त्याच कोनाची सावली दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावीही पडू शकते. खोडून काढण्यात तिची ताकद आहे.

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधला, १४ ऑगस्ट १९४५ चा, खलाशी आणि पांढऱ्या गणवेशातली स्त्री यांचा फोटो जगप्रसिद्ध आहे. आल्फ्रेड आयझेनस्टाटने काढलेल्या त्या चित्राची वेळ कित्येक वर्षे वादात होती आणि तो खलाशी मीच असे सांगणारेही पुष्कळ होते. डोनाल्ड ऑल्सन, रसेल डोशर आणि स्टीव्हन कावलर या तिघांनी २०१५ मध्ये मागच्या इमारतीवर पडलेली ॲस्टर हॉटेलच्या फलकाची सावली धरली, जुने नकाशे आणि छायाचित्रे यांवरून इमारतींच्या उंची काढल्या आणि वेळ ठरवली : संध्याकाळचे ५ वाजून ५१ मिनिटे. तारीख आणि जागा पक्की होती, सूर्य पश्चिमेला उतरलेला होता, सावली भराभर सरकत होती. म्हणजे सावलीला घड्याळ म्हणून वापरायला जी परिस्थिती हवी, ती तिथे पुरेपूर होती. दुपारी लवकर फोटो निघाल्याचे सांगणाऱ्यांचे दावे त्यामुळे बाद झाले.

केळापूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, जी युरोप-अमेरिकेत लिहिलेल्या सूचनांत बहुधा नसते. तिकडे माध्यान्हीची सावली बारा महिने उत्तरेलाच पडते, म्हणून सावलीच्या टोकाकडे उत्तर असे बेलाशक धरतात. आपण कर्कवृत्ताच्या आत राहतो. २० मेच्या सुमारास सूर्य केळापूरच्या बरोबर माथ्यावर येतो आणि २३ जुलैच्या सुमारास पुन्हा येतो. मधल्या दोन महिन्यांत माध्यान्हीला तो उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. २१ जूनला आपल्या दीड मीटरच्या बांबूची सावली दक्षिणेकडे नऊ सेंटिमीटर असेल. त्या दिवशीचा माध्यान्हीचा फोटो हाती आला आणि सावली उत्तरेला समजून गणित केले, तर अक्षांश सात अंशांनी वर जाईल आणि केळापूर थेट राजस्थानच्या अक्षांशावर जाऊन बसेल. शिवाय इतक्या तोकड्या सावलीत बांबूचा कल लपत नाही. बांबू एक अंशाने झुकलेला असेल, तर उत्तरही सरळ एक अंशाने झुकते.

जुलैची तारीख ढगांत जाते, तेव्हा पडताळा घ्यायचा तो मे महिन्यातच. २० मेला केळापूरची माध्यान्ह १२ वाजून १२ मिनिटांनी असते. त्या दिवसांत सूर्य रोज सुमारे २३ किलोमीटर उत्तरेला सरकतो. त्यामुळे केळापुरात ज्या दिवशी उभ्या नळीची सावली नाहीशी होईल, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी हिंगणघाटला आणि २६ मेच्या आसपास नागपूरला ती नाहीशी होते. तिन्ही गावांत एकेकाने ओळंब्याने सरळ केलेली नळी उभी करून त्या आठवड्यात रोज माध्यान्हीला एक फोटो काढला, तर सावली कोणत्या दिवशी बाजू पालटते ते पाहून तिन्ही गावांचे अक्षांश नकाशा न उघडता सांगता येतील.